३ च्या २०२३ व्या घाताचा शेवटचा अंक: उत्तर बरोबर, मग रीत चूक कशी?

पाटीपुस्तक

लेकीच्या परीक्षेच्या सरावापायी गेले दोन दिवस घरात घातांकच चालू आहेत. प्रश्न असा: ३^२०२३ या संख्येच्या एकक स्थानी कोणता अंक येईल? (^ म्हणजे घात. इथे आकडा वर चढवता येत नाही, सांभाळून घ्या.)

तिने काय केलं, तर २०२३ चा शेवटचा अंक ३ घेतला, ३^३ = २७ काढलं आणि उत्तर ७ लिहिलं. पुस्तकामागच्या उत्तरातही ७. मी खूण केली. पुढचं ३^२०२५. शेवटचा अंक ५, ३^५ = २४३, उत्तर ३. बरोबर. मग ३^२०२८. शेवटचा अंक ८, ३^८ = ६५६१, उत्तर १. तेही बरोबर. आता रीत सापडली म्हणून दोघी खूश.

चौथं गणित ३^२०१८. इथेही शेवटचा अंक ८, म्हणजे उत्तर १ यायला हवं. पुस्तक म्हणतं ९. तीनदा करून पाहिलं, आमचं १ च येतंय. "आई, तीन वेळा चालली ती रीत चौथ्यांदा का नाही चालत?" याला माझ्याकडे उत्तर नाही. पुस्तक चुकलंय की आम्ही?

रिकामटेकडा

सोपं आहे हो. २०२३ गुणिले २०२३ गुणिले २०२३. पूर्ण गुणाकार करायची गरजच नाही, शेवटचे तीन ३ गुणा. ३ × ३ × ३ = २७, म्हणून ७. पुस्तकाचं पहिलं उत्तर बरोबर.

आता २०१८ घ्या. ८ × ८ × ८ = ५१२, म्हणजे २ यायला हवा. तुमचं १, पुस्तकाचं ९, दोन्ही चूक. छपाईची चूक असणार, अशा पुस्तकांत असतातच.

गोळाबेरीज

रिकामटेकडे, तुम्ही २०२३ चा घन काढलात. इथे ३ स्वतःशी २०२३ वेळा गुणायचाय. पाया ३, घातांक २०२३.

पाटीपुस्तक, ही गणितं चक्राने सोडवतात. ३ चे घात लिहीत गेलं की शेवटचे अंक ३, ९, ७, १ असे येतात आणि मग परत ३, ९, ७, १. चारचं चक्र. म्हणून घातांकाला ४ ने भागायचं आणि फक्त बाकी बघायची. २०२३ भागिले ४, बाकी ३, म्हणून तिसरा अंक ७. २०१८ भागिले ४, बाकी २, म्हणून दुसरा अंक ९. पुस्तक बरोबर आहे. बाकी ० आली तर उत्तर १, कारण कुठल्याही संख्येचा शून्य घात १ च असतो. कुठलीही संख्या द्या, हा नियम चालतो. विषय संपला.

रिकामटेकडा

अरे देवा, खरंच की. उलटं वाचलं. पण मग माझं उत्तरही ७ च कसं आलं?

तक्ताबहाद्दर

चक्र वगैरे ठीक आहे, पण कुणी पडताळून पाहिलंय का? मी आत्ता स्प्रेडशीटमध्ये १ पासून घात काढत खाली ओढत नेले. ३^३१ पर्यंत ३, ९, ७, १ छान चालतं. ३^३१ = ६१७६७३३९६२८३९४७, शेवटी ७. पण ३^३२ ला मिळतं १८५३०२०१८८८५१८४०. शेवटी ०! आणि त्यापुढे जितके काढले त्या सगळ्यांच्या शेवटी ०. ३^२०२३ विचारलं तर सरळ `#NUM!` म्हणून हात वर. म्हणजे चक्र ३२ व्या घाताला तुटतं आणि मोठ्या घातांसाठी तुमचं सगळं अंदाजपंचे. २०१८ वर घोळ झाला तो यामुळेच असेल.

पाटीपुस्तक

गोळाबेरीज, चक्राची रीत मीही शाळेत शिकले होते, आता आठवली. धन्यवाद. पण लेकीचा प्रश्न तसाच राहिला. चार ने भागायचं हे तिला मान्य आहे. ती विचारते, तिची रीत चूक असेल तर तीन वेळा उत्तर बरोबर कसं आलं? एकदा आलं तर योगायोग म्हणू. तीनदा?

शेषनाग

लेकीला माझ्यातर्फे शाबासकी द्या, तिने बरोबर ठिकाणी बोट ठेवलंय. पण क्रमाने जाऊ, कारण या धाग्यात आत्ताच तीन वेगळ्या चुका झाल्यात आणि त्यातल्या दोघींनी २०२३ साठी ७ च दिलाय.

आधी तक्ताबहाद्दर. तुमची स्प्रेडशीट संख्येचे पहिले १५ अंक सांभाळते आणि पुढच्या जागी शून्य भरते. ३^३१ बरोबर १५ अंकी आहे, म्हणून ती शेवटपर्यंत खरी दिसते. ३^३२ सोळा अंकी झाली आणि सोळावा अंक गेला. खरी संख्या १८५३०२०१८८८५१८४१. यंत्राशिवायही हे ओळखता येतं. ३^३१ च्या शेवटी ७ आहे हे तुम्हीच लिहिलंत, त्याला ३ ने गुणलं तर शेवटी १ येणार, ० येईलच कुठून? शिवाय शेवटी ० म्हणजे संख्येला २ ने आणि ५ ने भाग जायला हवा. नुसते ३ गुणत बसल्यावर त्यात २ किंवा ५ शिरणार कुठून?

आता चक्र मुळात का होतं ते कागदावर पाहा. २७ × ३ करा. सात त्रिक एकवीस, १ लिहिला, हातचे २. बे त्रिक सहा आणि हातचे २, आठ. ८१. हातचा कायम डावीकडे जातो. दशकातला २ काहीही असता, ५ असता किंवा ९ असता, तरी एकक स्थानी १ च आला असता. म्हणून पुढच्या घाताचा शेवटचा अंक ठरवायला आधीच्या घाताचा फक्त शेवटचा अंक लागतो. ३ वरून ९ वर, ९ वरून ७ वर, ७ वरून १ वर आणि १ वरून पुन्हा ३ वर. एकदा ३ वर परत आलो की पुढचं सगळं आधीसारखंच होणार, दुसरं काही व्हायला वावच नाही. ३२ व्या घाताला काय किंवा बत्तीस लाखाव्या घाताला काय.

लेकीच्या प्रश्नाकडे जेवणानंतर येतो. तोवर तिला एक काम सांगा. चौकटीच्या वहीत ३ च्या घातांचे शेवटचे अंक दहा-दहाच्या ओळीत लिहायला लावा. पहिल्या ओळीत घातांक ० ते ९, दुसरीत १० ते १९, तिसरीत २० ते २९. (३^० = १ पासून सुरुवात.)

पाटीपुस्तक

लिहिलं तिने:

```
 ० ते  ९ :  १ ३ ९ ७ १ ३ ९ ७ १ ३
१० ते १९ :  ९ ७ १ ३ ९ ७ १ ३ ९ ७
२० ते २९ :  १ ३ ९ ७ १ ३ ९ ७ १ ३
```

ती म्हणते पहिली आणि तिसरी ओळ सारखी आहे, मधली वेगळी. आणि तिने आणखी एक पाहिलंय: पहिली आणि मधली ओळ एकाखाली एक बेरीज केली तर प्रत्येक ठिकाणी १० येतात. १ आणि ९, ३ आणि ७, ९ आणि १, ७ आणि ३. याचा काही अर्थ आहे का?

शेषनाग

अर्थ आहे, आणि मी तो सांगायच्या आधी तिला दिसला याचा आनंद आहे.

चार घरांचं एक वर्तुळ डोळ्यासमोर आणा, घरांवर ओळीने ३, ९, ७, १ लिहिलेलं. १ च्या घरापासून निघायचं, ३ ने एकदा गुणलं की एक पाऊल पुढे. घातांक म्हणजे एकूण पावलं. २०२३ पावलं चालल्यावर आपण कुठल्या घरात उभे, एवढाच प्रश्न आहे. चार पावलांत एक फेरी पूर्ण होते आणि पूर्ण फेऱ्यांनी घर बदलत नाही, म्हणून ४ ने भागून बाकी घ्यायची.

तुमची लेक काय करते? घातांकाचा फक्त शेवटचा अंक ठेवते. म्हणजे २०२३ पावलांपैकी २०२० पावलं फेकून देते आणि ३ च चालते. आता २०२० ला ४ ने भागा. ५०५ फेऱ्या, बाकी काही नाही. फेकलेली पावलं नेमक्या पूर्ण फेऱ्या होत्या, त्यामुळे काहीच बिघडलं नाही. २०२५ आणि २०२८ मध्येही तीच २०२० पावलं फेकली गेली. तिची तीन उत्तरं हे तीन योगायोग नाहीत, एकच योगायोग तीनदा मोजलाय.

२०१८ मध्ये तिने २०१० पावलं फेकली. २०१० भागिले ४: ५०२ फेऱ्या आणि वर २ पावलं. ती २ पावलं चुकली. त्यामुळे ती बरोबर समोरच्या घरात जाऊन उभी राहिली: ९ च्या ऐवजी १. समोरासमोरची घरं कोणती? ३ समोर ७, ९ समोर १. बेरीज दोन्हीकडे १०. दोन पावलं म्हणजे ९ ने गुणणं, आणि ९ ने गुणणं म्हणजे दसपट करून एकदा वजा करणं. दसपटीच्या शेवटी ० असतो, त्यातून ७ काढला की शेवटी ३ उरतो. म्हणून बेरीज १०.

थोडक्यात, १० पावलं म्हणजे अडीच फेऱ्या, २० पावलं म्हणजे पाच फेऱ्या. घातांकाच्या दशक स्थानी सम अंक असेल तर तिची रीत चालते, विषम असेल तर समोरच्या घरात नेऊन सोडते. २०२० ते २०२९ कुठलाही घातांक घ्या, ती कधीच चुकणार नाही. २०१० ते २०१९ मध्ये प्रत्येक वेळी चुकेल. हे सगळं लहान आकड्यावरही दिसतं: ३^१३ = १५९४३२३, शेवटी ३. तिची रीत ३^३ धरून ७ देते.

रिकामटेकडा

आणि माझा ७?

शेषनाग

तुम्ही २०२३ × २०२३ × २०२३ केलंत, त्याचा शेवटचा अंक ३ × ३ × ३ वरून ठरतो. लेकीनेही ३ × ३ × ३ च केलं. पाया ३ आणि घातांकाचा शेवटचा अंकही ३, म्हणून तुमची उलटी रीत आणि तिची अर्धी रीत एकाच २७ वर येऊन थांबल्या. ३^२०२५ वर प्रयोग करून बघा, तुम्ही ५ वर जाल, ती ३ वर.

मुक्ता

फार छान समजावलंत. मी दिवसभर कोड लिहिते, त्यामुळे हाताने करायची सवयच गेलीय. ज्यांना पडताळायचंय त्यांनी पायथनमध्ये एवढंच टंका:

```
pow(3, 2023, 10)
pow(3, 2018, 10)
```

पहिल्याला 7, दुसऱ्याला 9. तिसरा आकडा 10 दिला की ते प्रत्येक गुणाकारानंतर शेवटचाच अंक ठेवतं, शेषनाग म्हणाले तसा हातचा डावीकडे सोडून देतं. अख्खी संख्या हवी असेल तर तीही मिळते, ९६६ अंकी आहे.

माझंही एक जुनं दुखणं आहे. एका चाचणीत ७^७^७ चा शेवटचा अंक विचारला होता. मी आधी ७^७ केलं, मग त्याचा सातवा घात, म्हणजे ७^४९. ४९ भागिले ४, बाकी १, उत्तर ७. त्यांच्या उत्तरपत्रिकेत ३ होतं. मी अजून म्हणते ती उत्तरपत्रिका चुकीची होती.

गोळाबेरीज

७ चं चक्र ७, ९, ३, १. ४९ वर बाकी १, म्हणजे ७. मुक्ता बरोबर आहे.

शेषनाग

चक्र बरोबर, पण मनोरा उलटा चढलात. ७^७^७ असं कंसाशिवाय लिहिलं असेल तर वरून खाली यायचं: आधी वरचा ७^७, तो घातांक, आणि त्या घातांकावर खालचा ७. मुक्ता, तुमच्या वाचनात घातांक ४९ झाला, खऱ्या प्रश्नात तो ८२३५४३ आहे. आता याला ४ ने भागायचं. शंभराला ४ ने भाग जातो, म्हणून शेवटचे दोन अंक पुरेत: ४३ भागिले ४, बाकी ३. चक्रातला तिसरा अंक ३. उत्तरपत्रिका बरोबर होती.

पाटीपुस्तक, हे लेकीला जरूर सांगा. घातांकाचा एक अंक पुरत नाही, पण शेवटचे दोन नेहमी पुरतात. २०२३ साठी २३ भागिले ४, बाकी ३. २०१८ साठी १८ भागिले ४, बाकी २. तिच्या रीतीत फक्त एक अंक कमी पडत होता.

मुक्ता

स्प्रेडशीटमध्ये `=7^7^7` डावीकडून उजवीकडे सुटतं, मी तेच मनात धरून बसले होते. पण मग प्रश्नात कंस द्यायला नको का? मी हे गुण सोडणार नाहीये.

तक्ताबहाद्दर

माझं मागे घेतो. पंधरा अंकांची गोष्ट माहीत होती, पण वापरायच्या वेळी आठवली नाही.

शेषनाग

गोळाबेरीज, तुमच्या एका वाक्यावर मात्र थांबायला हवं. बाकी ० आली तर उत्तर १, कुठलीही संख्या द्या, असं म्हणालात. २^२०२४ करून बघा. २०२४ ला ४ ने पूर्ण भाग जातो, बाकी ०. तुमच्या नियमाने शेवटचा अंक १.

गोळाबेरीज

हो, १. शून्य घात १ च असतो, यात वाद कसला?

रिकामटेकडा

दोनाचा घात आणि शेवटी १? ती विषम संख्या होईल की हो. दोन गुणून गुणून विषम? एवढं तर मलाही कळतं.

शेषनाग

यावेळी वाचण्यात चूक नाही झाली. :)

२ चं वर्तुळ २, ४, ८, ६. त्यात १ चं घरच नाही. बाकी ० चा अर्थ फेऱ्या पूर्ण झाल्या आणि आपण चक्राच्या शेवटच्या घरात आहोत, म्हणजे चौथ्या. ३ आणि ७ च्या वर्तुळात ते घर १ चं आहे, २ च्या वर्तुळात ६ चं. म्हणून २^२०२४ च्या शेवटी ६, जसा २^४ = १६ च्या शेवटी. बाकी ० आली की तिच्या जागी ४ धरायचे आणि चौथा घात काढायचा. ही सवय लावली की पाया कुठलाही असो, चुकत नाही.

मघाशी मी १ च्या घरापासून निघायचं म्हणालो, ते ३ आणि ७ साठी ठीक आहे. २ च्या बाबतीत १ हे वर्तुळाबाहेरचं अंगण आहे. तिथून एकदा निघालात की परत तिथे जाता येत नाही.

गोळाबेरीज

मूळ प्रश्न ३ चा होता. ३ साठी माझा नियम चालतो की नाही?

शेषनाग

३ साठी चालतो. "कुठलीही संख्या" हे दोन शब्द तेवढे मागे घ्या.

गोळाबेरीज

घेतले. पण आता सगळे मागे लागलेच आहेत तर एक विचारतो. शेवटचे दोन अंक हवे असतील तर? मी तीच रीत केली. बाकी ३, ३^३ = २७, म्हणून ३^२०२३ च्या शेवटी २७. मुक्ता, तुझ्या पायथनला विचार.

मुक्ता

`pow(3, 2023, 100)` ला 27 च येतं. बरोबर आहे तुमचं!

शेषनाग

उत्तर बरोबर, रीत पुन्हा चूक. आणि गुन्हेगार पुन्हा तोच २०२०.

३^७ = २१८७. ७ भागिले ४, बाकी ३, तुमच्या रीतीने शेवटी २७ यायला हवं. आलंय ८७. दोन अंकांचं वर्तुळ मोठं आहे, त्यात ४ नाही, २० घरं आहेत: ०३, ०९, २७, ८१, ४३, २९, ८७, ६१ असं चालत चालत विसाव्या पावलाला ०१ येतो. ३^२० = ३४८६७८४४०१, हवं तर हाताने गुणून पाहा, एक दुपार जाईल. म्हणून इथे २० ने भागायचं. २०२३ भागिले २०, बाकी ३, शेवटी २७. २०२० ला ४ ने भाग जातो, १० ने जातो आणि २० नेही जातो. त्यामुळे त्यावर ३ चढवलेला २०२३ हा असा साक्षीदार आहे की जो येईल त्याला "हो, तुमचंच बरोबर" म्हणतो. शेवटचा अंक घ्या, ४ ने भागा, २० ने भागा, पाया आणि घातांकाची अदलाबदल करा, सगळ्यांना मान डोलावतो. रीत पारखायची असेल तर हा आकडा घेऊच नये. लेकीच्या पुस्तकात २०१८ होता म्हणून बरं.

शेवटच्या तीन अंकांना १०० पावलांनी पुन्हा ००१ येतं. २०२३ भागिले १००, बाकी २३. ३^२३ = ९४१४३१७८८२७. म्हणजे ३^२०२३ चा शेवट ८२७.

जुनी_पाटी

निवृत्त शिक्षक. बरीच वर्षं पेपर तपासले आहेत, म्हणून वेगळ्या बाजूने लिहितो. पाटीपुस्तक, तुम्ही पहिल्या तीन गणितांवर खूण केलीत. मी असतो तर रीत न दाखवता नुसता ७ लिहिणाऱ्याला पूर्ण गुण दिले असते आणि तुमच्या लेकीला, जिने प्रामाणिकपणे रीत दाखवली, अर्धे. हे मला तेव्हाही खटकायचं. ९ च्या घातांवर तर अशी मुलं कधीच सापडायची नाहीत. ९ चं चक्र दोनचंच, ९ आणि १, आणि दहाला २ ने भाग जातो, त्यामुळे घातांकाचा शेवटचा अंक घेऊन कायम बरोबर उत्तर येतं. वर्गात ९ चं उदाहरण घेऊन रीत शिकवली की मुलं हीच चुकीची वाट पक्की करून घेतात. माझ्या हातून हे झालेलं आहे.

मुक्ता

९ साठी ती चुकीची वाट कशी? ९ साठी ती बरोबरच आहे ना. दहाने भागून बाकी घ्या की दोनाने, सम-विषम तेच राहतं. माझ्या मते मुलीला पूर्ण गुण द्यायला हवेत. २०२३ साठीसुद्धा तिची रीत खोटी नाही, फक्त तिला स्वतःला माहीत नव्हतं की ती का चालते.

जुनी_पाटी

"का चालते" यालाच तर गुण असतात.

रिकामटेकडा

मग उलटं वाचून ७ काढणाऱ्याला किती?

जुनी_पाटी

तुम्हाला उभं केलं असतं.

गोळाबेरीज

४ च्या घातांचंही चक्र दोनचं आहे, ४ आणि ६. तिथेही ९ सारखंच कायम चालणार.

शेषनाग

घातांकाच्या शेवटी ० नसेल तोवर. ४^१० = १०४८५७६, शेवटी ६. शेवटचा अंक ० घेऊन ४^० केलंत तर १. पुन्हा तेच अंगण.

गोळाबेरीज

या शून्याने माझा घात केला.

पाटीपुस्तक

गुणांचं तुम्ही ठरवत बसा. इकडे लेकीने पूर्ण रीत पुन्हा केली: ३^२०१८, १८ भागिले ४, बाकी २, ९. मग मी ३^१९९९ दिलं, तिने ९९ भागिले ४, बाकी ३, ७ सांगितलं. मुद्दाम आधी जुन्या रीतीनेही केलं, ३^९ = १९६८३, म्हणजे ३, आणि म्हणाली "दशकात ९ आहे, विषम, म्हणजे समोरचं घर, दहातून तीन गेले सात." म्हणजे तिने तिची चुकीची रीतच दुरुस्त करून ठेवलीय. हे चालेल का, की मोडू?

शेषनाग

३ आणि ७ साठी बिनचूक चालेल. २ आणि ८ साठी तिला एक अडचण येईल, ती कुठली हे तिलाच शोधू दे. मोडू नका.

पाटीपुस्तक

बरं. आणि शेवटचं एक. तुम्ही दोन अंकांचं जे चक्र दिलंत ते तिने वीसपर्यंत पूर्ण केलं: ०३, ०९, २७, ८१, ४३, २९, ८७, ६१, ८३, ४९, ४७, ४१, २३, ६९, ०७, २१, ६३, ८९, ६७, ०१. ती म्हणते दशक स्थानी एकदाही विषम अंक नाही. ०, २, ४, ६, ८ एवढेच. हाही २०२० सारखा काही घोटाळा आहे की खरंच कायम असंच?

शेषनाग

कायम असंच. घातांक कितीही मोठा असू दे, ३ च्या घाताच्या दशक स्थानी विषम अंक येत नाही. शेवटचा अंक ३, ९, ७ किंवा १ असतो. ३ ने गुणताना हातचा येतो तो ३ आणि १ ला ०, ९ ला २ आणि ७ लाही २. हातचा नेहमी सम. दशकातला अंक सम असेल तर त्याची तिप्पट सम, त्यात सम हातचा, पुन्हा सम. आणि सुरुवात ०३ पासून, तिथे दशकात ० आहेच.

तक्ताबहाद्दर

७ च्या घातांचं काय? ०७, ४९, ४३, ०१... तिथेही सगळे समच दिसतायत. ७ ला सात साते एकोणपन्नास, हातचा ४. हे प्रत्येक विषम संख्येला लागू होतं का?

रिकामटेकडा

१३ ला नाही. १३ मध्येच १ बसलाय.

तक्ताबहाद्दर

बरं, एक अंकी विषम संख्यांना?

पाटीपुस्तक

लेकीने ५ चा वर्ग करून दाखवला. २५, मग १२५, दशकात २. सगळे सम. आता ९ चे घात लिहायला बसलीय, झोपायची वेळ झालीय पण ऐकत नाही.